नव्या इन्स्पेक्टरचा पहिला आठवडा: व्हॉट्सॲपवरच्या स्वागतापासून दोन पानी पत्रापर्यंत

काम: शिरोली एमआयडीसीतल्या कास्टिंग मशीनिंगच्या युनिटमध्ये क्वालिटीला ज्युनिअर इन्स्पेक्टर मुलगी १५ जुलैला रुजू होणार. गडहिंग्लज भागातली, कोल्हापुरात राजारामपुरीत खोली घेतलेली. तिला आमच्याकडून आजवर गेलेल्या मेसेजचं एक नीट पत्र करायचं, आणि तेच पुढच्या प्रत्येक नव्या माणसाला वापरायचं. कुणाला असंच काम करायचं असेल तर उपयोग व्हावा म्हणून नोंदी ठेवल्या आहेत. नावं गाळली आहेत. मूळ कागदावर प्रत्येकाचं पूर्ण नाव, हुद्दा आणि मोबाइल नंबर आहे.

१ जुलै, मंगळवार

तिघांनी (मालक, क्वालिटी इनचार्ज, ऑफिस) पाठवलेले मेसेज एका कागदावर उतरवले. एकूण १७ निघाले. नमुन्यादाखल:

"पंधरापासून या की. नऊपर्यंत पोचा."
"शिरोलीत उतरलात की कुणालाही विचारा, सांगतील."
"सगळी कागदपत्रं घेऊन या."
"पहिला आठवडा फक्त बघा, टेन्शन घेऊ नका."
"सुट्टी नेहमीचीच."
"बूट आहेत ना? नसले तर बघू."
"पाऊस जास्त असला तर बघून या."
"काय लागलं तर बिनधास्त सांगा, आपलंच समजा."

मेसेज गोड आहेत, शंकाच नाही. लाल पेनानं एकच काम केलं: नव्या माणसाला ज्या शब्दाचा अर्थ आपल्याआपण लावावा लागेल त्याखाली रेघ मारली. "नऊपर्यंत" म्हणजे गेटवर की विभागात? "सगळी" म्हणजे कोणती? "नेहमीची" म्हणजे कुणाच्या नेहमीची? आमची सुट्टी सोमवारी असते. बाहेरून आलेला माणूस रविवार धरणार आणि पहिल्याच रविवारी खाडा पडणार. १७ मेसेजमध्ये ३१ रेघा पडल्या.

"शिरोली" हा शब्दसुद्धा सरळ नाही. करवीर तालुक्यात शिरोली दुमाला आहे, आणि आमची ती शिरोली पुलाची. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाहून आलेल्या माणसाला हा फरक माहीत असेलच असं नाही.

वेळ: दीड तास.

२ जुलै, बुधवार

पहिला खर्डा, आणि तो फसला. रेघ मारलेल्या प्रत्येक जागी नेमका तपशील घातला, पण हात आपोआप सरकारी मराठीकडे वळला. एक वाक्य जसंच्या तसं देतो:

"आपण दि. १५ रोजी सकाळी ९.०० वाजता मुख्य प्रवेशद्वारावर उपस्थित राहावे. सुरक्षा पादत्राणे उपलब्ध करून दिली जातील. विलंब झाल्यास पूर्वसूचना देणे बंधनकारक राहील."

क्वालिटी इनचार्जांनी वाचून विचारलं, "हिला घेतोय की काढतोय?" बरोबर होतं. माहिती सगळी होती, पण वाचताना कारणे दाखवा नोटीस हातात आल्यासारखं वाटत होतं.

बिघाड कुठं आहे ते शोधायला "जाईल", "येईल", "राहील" मोजले. दोन पानांत १९ निघाले. "बूट दिले जातील" या वाक्यात देणारा माणूसच नाही. तो घातला की वाक्य आपोआप ऊबदार होतं: "स्टोअरचे काका तुमच्या बुटाचा नंबर विचारतील. तो त्यांना सांगा, ते दहा मिनिटांत जोड काढून देतात." यात गोड शब्द एकही नाही, तरी आता तिथं कुणीतरी आहे.

इथून पुढं एक नियम धरला. वाक्यात माणूस नसेल तर ते वाक्य पुन्हा लिहायचं.

वेळ: तीन तास, त्यातले दोन वाया.

४ जुलै, शुक्रवार

संबोधनाचा गोंधळ मिटवला. मालक साठीचे, मुलगी बावीसची. ते मेसेजमध्ये "ये पोरी बिनधास्त" लिहितात आणि त्यांच्या तोंडी ते शोभतंही. पण तेच कागदावर ऑफिसच्या नावानं गेलं तर चालत नाही; पुढच्या वेळी याच कागदावर चाळिशीचा माणूस येईल. उलट "आपण" घेतलं की पुन्हा परवाची नोटीस. म्हणून सगळीकडे "तुम्ही", आणि क्रियापद साधं: या, आणा, थांबा, सांगा. "यावे, आणावे" सगळे काढले. प्रत्यक्षात कोण कुणाला अरे-तुरे करेल ते त्यांचं ते ठरवतील.

कोल्हापुरी "की" ठेवायचा का यावर बराच वेळ गेला. "या की" बोलताना आग्रह असतो. सूचनांच्या पानावर तोच प्रत्येक ओळीत आला की नाटकी वाटतं. शेवटी पत्राच्या पहिल्या ओळीत एकदाच ठेवला.

"आमच्या कुटुंबात तुमचं स्वागत" ही ओळ ऑफिसनं सुचवली होती. कापली. कुटुंबात अंगठा लावून हजेरी घेत नाहीत.

६ जुलै, रविवार

आज फक्त एक मेसेज घेतला: "काय लागलं तर बिनधास्त सांगा."

१७ मधला हा सगळ्यात प्रेमळ मेसेज, आणि सगळ्यात निरुपयोगीही हाच. नव्या माणसाला काय लागतं हेच माहीत नसतं. माहीत असलं तरी कुणाला सांगायचं ते कळत नाही, आणि समोरचा कामात दिसला की तो गप्प बसतो. म्हणजे विचारण्याचं सगळं ओझं ज्याला सगळ्यात कमी माहिती आहे त्याच्यावर पडतं.

पहिला प्रयत्न: "कोणतीही अडचण असल्यास सीनियर इन्स्पेक्टर ताईंशी संपर्क साधा." नाव आलं, पण काम झालं नाही. ताई दिवसभर शॉपवर फिरतीवर असतात, त्यांना शोधायचं कुठं?

दुसरा प्रयत्न: "ताई दुपारी ४ वाजता भेटतील." वेळ आली. पण चारपर्यंत अडलेलं काम अडलेलंच.

तिसरा, जो ठेवला:

"पहिला आठवडा रोज दुपारी ४ वाजता ताई तुमच्या टेबलाशी येतील आणि दहा मिनिटं बसतील. तुम्ही त्यांना शोधायला जाऊ नका. दिवसभरात पडलेले प्रश्न वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा, कितीही साधे असले तरी. मोजमापाचं काही अडलं आणि चारपर्यंत थांबता येत नसेल तर टेबलावरच्या इंटरकॉमवरून स्टँडर्ड रूमला फोन करा. तिथं कुणीतरी असतंच."

हे छापण्याआधी ताईंना विचारावं लागलं. त्या म्हणाल्या, चारला डिस्पॅचची घाई असते, साडेतीन करा. मग साडेतीन केलं. दुसऱ्याचा वेळ आपण परस्पर लिहून दिला असता तर पहिल्याच दिवशी पत्र खोटं पडलं असतं.

वेळ: सव्वा तास, एका मेसेजला.

९ जुलै, बुधवार

"पहिला आठवडा फक्त बघा" हा मेसेज वरवर निरुपद्रवी आहे. शॉपवर त्याचं काय होतं ते असं: नवीन माणूस मशीनशेजारी हात बांधून उभा राहतो. अर्ध्या तासानं ऑपरेटर एक तुकडा पुढं करतो, "मॅडम, ठीक आहे का बघा हो." नवा माणूस बघतो आणि भिडेपोटी "ठीक आहे" म्हणतो. क्वालिटीच्या माणसानं ठीक म्हटलं म्हणजे ऑपरेटरच्या दृष्टीनं लॉट पास. कुणीच खोटं बोललेलं नाही, तरी चुकीचा माल पुढं गेला.

म्हणून "बघा" याच्या जागी एक ठरावीक काम दिलं. सध्या मशीनवर बेअरिंग हाउसिंग चालू आहे, त्यातल्या भोकाचा, म्हणजे बोअरचा, आकार ६२ एच७. म्हणजे माप ६२.००० ते ६२.०३० मिलिमीटरच्या आत हवं. पत्रातला मजकूर:

"बुधवारपासून रोज सकाळी ताई तुम्हाला याच कामाचे १० तुकडे देतील. प्रत्येक तुकड्यावर खडूनं नंबर असेल. तुम्ही बोअर गेजनं मोजा आणि माप तुमच्या तक्त्यात लिहा. ताई तेच तुकडे वेगळ्या तक्त्यात मोजतील. दोन्ही तक्ते नंतर शेजारी ठेवायचे. ०.००५ पेक्षा जास्त फरक आला तर तो तुकडा दोघींनी मिळून पुन्हा मोजायचा. हे तुमची परीक्षा घ्यायला नाही. दोन हातांचं माप जुळायला सगळ्यांनाच काही दिवस लागतात."

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं. ते नसेल तर माणूस ताईंचा तक्ता हळूच बघून आकडे जुळवतो. तक्ता छान दिसतो आणि शिकणं शून्य.

त्याखाली तीन ओळी:

"मशीनवरून उतरलेला तुकडा कोमट लागला तर तो टेबलावर ठेवा आणि हाताला टेबलाइतकाच गार लागेपर्यंत मोजू नका."

"या बोअरला व्हर्निअर वापरू नका, हाताशी असला तरी."

"पहिल्या आठवड्यात कोणत्याही रिपोर्टवर सही करू नका. कुणी 'ठीक आहे का' विचारलं तर 'ताईंना विचारून सांगते' एवढंच सांगा. असं सांगितल्याबद्दल तुम्हाला कुणी काही म्हणणार नाही. ऑपरेटरना आम्ही आधीच सांगून ठेवलं आहे."

कारणं द्यायची की नाही यावर मतभेद झाला. कास्ट आयर्नचा तुकडा २० अंशांनी जास्त गरम असेल तर ६२ मिलिमीटरचा बोअर साधारण ०.०१४ नं मोठा दिसतो, म्हणजे जवळजवळ अर्धा टॉलरन्स तिथंच खपला. व्हर्निअरचा लीस्ट काउंट ०.०२, आणि मुभा सगळी मिळून ०.०३. हे आकडे पत्रात घातले तर सूचना हरवतात. अजिबात वगळले तर सूचना म्हणजे नुसता हट्ट वाटतो. शेवटी कारण एका ओळीत दिलं ("गरम तुकड्याचं बोअर मोठं दिसतं"), आकडे ताईंवर सोडले.

"ऑपरेटरना सांगून ठेवलं आहे" हे वाक्य लिहिलं तेव्हा कुणालाच सांगितलेलं नव्हतं. ते काम आजच्या यादीत चढवलं आणि संध्याकाळी दोन्ही पाळ्यांना सांगून आलो.

१० जुलै, गुरुवार

कागदपत्रं. "सगळी" ऐवजी यादी: आधार, पॅन, बँक पासबुकाचं पहिलं पान किंवा रद्द केलेला चेक, दोन फोटो, शिक्षणाचे दाखले, आणि आधी कुठं नोकरी केली असेल तर पीएफ खात्याचा १२ अंकी नंबर, यूएएन. शेवटच्याला जोड दिली: "जुन्या पगारपत्रकावर तो नंबर असतो. सापडला नाही तरी आधी पीएफ कापला जात होता एवढं नक्की सांगा." हे न सांगितल्यामुळं नवा यूएएन निघतो, मग दोन नंबर जुळवण्यात महिने जातात.

खरा त्रास नावाच्या स्पेलिंगचा असतो. आधारवर एक, पॅनवर दुसरं, पासबुकात वडिलांचं नाव गायब. त्यासाठी लिहिलं: "तिन्ही शेजारी ठेवून तुमच्या नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख जुळते का बघा. फरक असला तर आत्ता दुरुस्तीच्या मागं लागू नका. फक्त कुठं फरक आहे ते कागदावर लिहून आणा, पुढचं ऑफिस बघेल." पहिल्या खर्ड्यात होतं "तफावत नसल्याची खात्री करून घ्यावी." त्यावर माणूस रुजू व्हायचं सोडून सेतू केंद्रात रांगेत उभा राहतो.

पगार महिना २१,००० च्या आत असल्यानं ईएसआय हा कामगारांचा सरकारी विमा लागू आहे, म्हणून घरच्यांची नावं, जन्मतारखा आणि आधार नंबरही आणायला सांगितले. कशासाठी तेही लिहिलं, नाहीतर घरचे विचारतात आणि मुलीला उत्तर देता येत नाही.

११ जुलै, शुक्रवार

"पाऊस जास्त असला तर बघून या." हा मेसेज कितीही वेळा लिहिला तरी नीट होईना. कारण भाषेत नव्हतं. पुराच्या दिवशी न आलेल्या माणसाचा खाडा धरायचा की नाही हे आमच्याकडे कधी ठरलेलंच नव्हतं. मोघम शब्दाखाली न घेतलेला निर्णय लपलेला असतो. बुटाच्या मेसेजचंही तेच निघालं: "नसले तर बघू", कारण पैसे कोण देणार ते ठरलं नव्हतं.

शहरातून शिरोलीला यायचं म्हणजे पंचगंगा ओलांडावी लागते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये हायवे पाण्याखाली जाऊन बंद पडला होता. गावच्या माणसाला राजाराम बंधाऱ्याची पातळी ऐकली की अंदाज येतो. नव्या माणसाला ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका हे कुणी सांगितलेलं नसतं.

मालकांसमोर दोन प्रश्न ठेवले आणि उत्तर मिळाल्याशिवाय पत्र जाणार नाही असं सांगितलं. बूट: कंपनीचे, पगारातून कपात नाही. पूर: खाडा धरायचा नाही. दुसऱ्या उत्तराला दीड दिवस लागला, म्हणून ही नोंद आज लिहून उद्या पूर्ण केली. अंतिम मजकूर:

"राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांवर गेली की ऑफिस रोज संध्याकाळी ७ वाजता तुम्हाला फोन करून उद्याचं सांगेल. पातळी ३९ च्या वर असेल आणि आठपर्यंत फोन आला नाही, तर दुसऱ्या दिवशी घरीच थांबा. त्या दिवसाचा खाडा धरणार नाही. पाण्यातून वाट काढून येऊ नका. कामावर असताना पाणी चढलं तर तुम्हाला परत सोडायची जबाबदारी आमची."

१२ जुलै, शनिवार

आज पाठवायचं होतं. सकाळी ऑफिसनं श्रीलिपीत टाइप केलेली वर्ड फाइल चाचणीसाठी माझ्या मोबाइलवर टाकली. उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा. युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करण्यात दोन तास गेले. हे काम पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच करायला हवं होतं.

मग वाचून बघण्याची चाचणी. शेजारच्या युनिटमधल्या एका ट्रेनी मुलाला पत्र दिलं. "समजलं का?" असं विचारलं नाही, त्यावर सगळे हो म्हणतात. प्रसंग विचारले: "नऊला दहा कमी आहेत, गेटवर तुम्हाला कुणी ओळखत नाही. काय कराल?" "शुक्रवारी ताई रजेवर आहेत. दहा तुकडे कोण देईल?" पहिल्याचं उत्तर त्यानं पत्रात बोट ठेवून दाखवलं. दुसऱ्याला अडला, कारण पत्रात नव्हतंच. बदली माणसाचं नाव घातलं.

त्यानंच लोकेशनची पिन उघडली आणि म्हणाला, हे तर ट्रक लोडिंगचं मागचं गेट. महिनोन् महिने आम्ही तीच पिन सगळ्यांना पाठवत होतो. नवी पिन, मुख्य गेटवर उभं राहून घेतलेली.

दोन्ही पानं एकदम पाठवली नाहीत. रुजू होण्याआधी लागतं तेवढंच आज गेलं: कधी, कुठं, कुणाकडं, काय आणायचं. मोबाइलच्या एका स्क्रीनवर बसेल एवढं. बाकीचं पान पहिल्या दिवशी टेबलावर, लॅमिनेट करून. आज गेलेला मजकूर:

"नमस्कार. मंगळवारी १५ तारखेला या की, आम्ही वाट बघतोय.
सकाळी ८.५० ला मुख्य गेटवर या (पिन खाली आहे, शिरोली पुलाची, दुमाला नव्हे). वॉचमनना तुमचं नाव सांगा, ते ऑफिसला फोन करतील आणि ऑफिसच्या ताई तुम्हाला घ्यायला गेटवर येतील.
पहिल्या दिवशी अंगठ्याची नोंद व्हायची असते, म्हणून हजेरी वहीत सही करा. ऑफिसच्या ताई वही पुढं करतील.
बूट आम्ही देतो. ओढणीऐवजी कुर्त्यावर जॅकेट किंवा शर्ट-पँट घाला. फिरत्या मशीनजवळ सैल कापड चालत नाही.
सुट्टी सोमवारी असते, रविवारी काम चालू.
उशीर होतोय असं वाटलं तर या नंबरवर फक्त 'उशीर' एवढं लिहा, कारण आल्यावर सांगा."

खर्च: प्रिंट आणि लॅमिनेशन ६० रुपये.

१५ जुलै, मंगळवार

मुलगी ८.४५ ला गेटवर. आत यायला ९.०५ झाले. पाळी बदलल्यामुळं वॉचमन दुसरा होता, त्याच्याकडं नावच नव्हतं. पत्र तिला पोचलं होतं, आमच्याच माणसाला नाही. दुरुस्ती: प्रत्येक पत्राबरोबर आतल्यांची एक चिठ्ठी. गेटच्या दोन्ही पाळ्या, स्टोअर, ताई, ऑपरेटर. पत्रात ज्याचं ज्याचं नाव आहे त्याला त्याची ओळ आदल्या दिवशी वाचून दाखवायची.

१७ जुलै, गुरुवार

पत्रात "एक वाजता पॅकिंगच्या मुलींबरोबर जेवण" होतं. क्वालिटीची सुट्टी साडेबाराची. ती दोन दिवस साडेबाराला डबा घेऊन एकटीच बसली आणि एक वाजता कामावर. बदललं: ताईंबरोबर, साडेबारा.

तक्ता बघितला. काल दहापैकी चार तुकड्यांत फरक ०.००५ च्या वर, आज दोन. दोन्ही तुकडे सकाळी मशीनवरून थेट आलेले. गरम तुकड्याची ओळ ताईंनाच पुन्हा दाखवावी लागली.

२० जुलै, रविवार

वहीचं शेवटचं पान मागून घेतलं. आठवड्यात सहा प्रश्न. मोजमापाचे दोन, ते ताईंनी तिथंच सोडवले. उरलेल्या चारांतला एकही पत्रात नव्हता: बायकांचं टॉयलेट कोणत्या बाजूला, शॉपवर मोबाइल चालतो का, पगार सात तारखेला मिळतो तर या महिन्याचे दिवस त्यात धरणार का, आणि मालकांना काय म्हणायचं, कारण ऑफिसमध्ये सगळे "साहेब" म्हणतात आणि शॉपवर "दादा".

पहिले तीन दुसऱ्या आवृत्तीत घातले. चौथ्याचं मालकांनाच विचारलं. ते म्हणाले, "दादाच लिही." ओळ घातली.

एकूण वेळ १४ तास, त्यातले चार वाया. पुढचा माणूस १ ऑगस्टला, डिस्पॅचला. बुधवारचं काम आणि मोजमापाच्या ओळी त्याला लागू नाहीत. त्या जागी ई-वे बिलाचं पान लिहायचं आहे.